आगमनकाळाचा तिसरा रविवार आणि तुरुंगातून आलेला प्रश्न

(आगमनकाळातील मेळाव्यात झालेले भाषण, मंडळाच्या संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून.)

बंधूंनो, भगिनींनो आणि पुढच्या ओळीत चुळबुळ करणाऱ्या माझ्या बाळगोपाळांनो,

आज तिसरी मेणबत्ती लागली. पहिल्या दोन जांभळ्या होत्या, आजची गुलाबी. आगमनकाळ अर्ध्याहून अधिक सरला, नाताळ जवळ आला, म्हणून चर्च आज प्रायश्चित्ताचा जांभळा रंग जरासा हलका करते. आजच्या रविवारचं नावच आनंदाचा रविवार. म्हणून तीन वर्षांच्या पाठचक्रातल्या पहिल्या वर्षी या दिवशी कोणतं शुभवर्तमान वाचतात, ते ऐकून नवल वाटतं. मत्तयाचा अकरावा अध्याय. आनंदाच्या दिवशी आपल्याला थेट तुरुंगात नेलं जातं.

तिथे बाप्तिस्मा करणारा योहान आहे. हेरोद अंतिपाने त्याला डांबलं होतं, आणि इतिहासकार योसेफस सांगतो की ती जागा मृत समुद्राच्या पूर्वेचा माखैरस किल्ला होती. सारं आयुष्य रानात, उघड्या आभाळाखाली काढलेला हा माणूस आता भिंतींच्या आत बसला आहे. यार्देनच्या काठावर त्याने लोकांना सांगितलं होतं की कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेली आहे, येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो आपलं खळं अगदी स्वच्छ करील. मग दिवस गेले. कुऱ्हाड पडली नाही, हेरोद सिंहासनावर तसाच राहिला. तेव्हा योहानाने शिष्यांच्या हाती निरोप धाडला: जो येणार तो तूच आहेस, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी?

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. वाट पाहण्याची शिकवण देताना आपण सहसा शांत, समाधानी माणसं पुढे ठेवतो. मंदिरातला म्हातारा शिमोन, तशीच वयोवृद्ध हन्ना. ती खरीच थोर आहेत. पण ज्याचा धीर सुटत चालला आहे त्याला त्यांच्याकडे पाहून स्वतःची लाजच वाटते. चर्चने आनंदाच्या रविवारी अस्वस्थ माणूस निवडला. आणि योहानाची अस्वस्थता नेमकी कुठे वळली ते पाहा. तो प्रभूविषयी इतरांजवळ कुरकुर करत बसला नाही, ज्याची वाट पाहत होता त्यालाच त्याने विचारलं.

उत्तर काय आलं? प्रभूने त्याला रागावलं नाही, तारीखही दिली नाही. जे ऐकता आणि पाहता ते योहानाला जाऊन सांगा, एवढंच म्हटलं: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. यशयाचं पुस्तक योहानाला मुखोद्गत असणार. त्याने एकेक गोष्ट ओळखली असेल. पस्तिसाव्या अध्यायात आंधळे, बहिरे, पांगळे आहेत. एकसष्टाव्या अध्यायात गरिबांना सुवार्ता आहे, आणि त्याच वचनात आणखी एक गोष्ट आहे: बंदिवानांची सुटका. ती मात्र निरोपात नाही. बंदिवानाला पाठवलेल्या उत्तरातून नेमकी तीच गळली आहे.

इथे मी तुम्हाला थांबायला सांगतो, घाईने पुढे जाऊ नका. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात योहानाचा शिरच्छेद होतो. त्याची वाट पाहणं फुकट गेलं नाही, कारण ज्याची वाट पाहिली तो आलेलाच होता. पण दार उघडलं नाही. तुमच्यापैकी कोणी कागदपत्रांच्या निर्णयाची वाट पाहत आहे, कोणी मूल होण्याची, कोणी दुरावलेल्या भावाच्या फोनची. धीर धरलात तर हवं ते मिळेलच, असं मी तुम्हाला सांगणार नाही. शुभवर्तमानच तसं सांगत नाही. ते सांगतं की देवाचं काम तुमच्या दाराबाहेर सुरू झालेलं आहे, त्याच्या खुणा पाहा, आणि त्या तुम्हाला आणून सांगणारे मित्र जवळ ठेवा. योहानाला किल्ल्यात बसून काहीच दिसत नव्हतं. दिसलं ते त्याच्या शिष्यांना.

त्याच दिवशी दुसरा पाठ याकोबाच्या पाचव्या अध्यायातला असतो, आणि त्यात शेतकरी येतो. पहिला आणि शेवटला पाऊस मिळेपर्यंत तो धीर धरतो. पॅलेस्टाईनमध्ये उन्हाळाभर पाऊस नसतो, जमीन तापून टणक होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला पहिला पाऊस पडला की ती मऊ होते, मग नांगर चालतो आणि जव-गव्हाची पेरणी होते. शेवटला पाऊस मार्च-एप्रिलकडे येतो आणि दाणा भरतो. या दोन पावसांच्या मधे शेतकरी काही बसून नसतो, पण कणीस ओढून लांबही करत नाही. कोणतं काम आपलं आणि कोणतं आपलं नाही, हे त्याला ठाऊक असतं. याकोब यालाच धीर म्हणतो, आणि लगेच पुढच्या वाक्यांत बजावतो की एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका. वाट लांबली की माणूस आधी घरच्यांवर चिडतो, हे त्याला चांगलं माहीत होतं.

आता मुलांसाठी. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाच्या धर्मसेवकाने 1833 मध्ये गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम काढला. आगमनकाळ लागला की मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? 1839 मध्ये त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. त्या वर्षी पहिला आगमन रविवार 1 डिसेंबरला होता. तिथून 24 डिसेंबरपर्यंत चोवीस दिवस होतात. त्यात चार रविवार आणि वीस साधे दिवस. दुसऱ्या वर्षी हाच हिशेब बदलतो, कारण पहिला आगमन रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यात कधीही येतो. म्हणून आगमनकाळ कधी अठ्ठावीस दिवसांचा असतो, तर कधी बावीसच दिवसांचा. आपल्या घरातलं चार मेणबत्त्यांचं चक्र त्याच चाकावरून आलं.

विखर्नने मुलांना गप्प बसवलं नाही, आणि सणही अलीकडे ओढला नाही. किती दिवस राहिले, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येईल असं केलं. रोज एकच नवी ज्योत, तीही सगळ्यांनी एकत्र जमून. घरी हे करताना एक मोह होतो, चारही एकदम लावण्याचा, फोटो छान येतो म्हणून. तो टाळा. नीट क्रमाने लावल्या तर नाताळपर्यंत पहिली मेणबत्ती सगळ्यांत बुटकी होते आणि चौथी जवळजवळ पूर्ण उरते. सरलेले आठवडे मुलाला त्या उंचीतच दिसतात.

हेच गाण्यांचंही. मिस्सेत आगमनकाळाच्या रविवारी गौरवगान म्हणत नाहीत. बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायलेले शब्द त्याच्या सुरुवातीला आहेत, म्हणून ते त्या रात्रीसाठी राखून ठेवतात. आपल्या मंडळातही डिसेंबर लागला की जन्माची गीतं सुरू होतात आणि पंचवीस तारखेला लोक थकलेले असतात. मला मनापासून वाटतं की निदान घरी तरी गव्हाणीतलं बाळ 24 तारखेच्या रात्रीपर्यंत ठेवू नये. गव्हाणी मांडा, मेंढपाळ ठेवा, मधली जागा रिकामी राहू द्या. मूल विचारेल, बाळ कुठे आहे? तेव्हा त्याला मरीयेची आणि योसेफाची वाट सांगा.

17 डिसेंबरपासून संध्याकाळच्या प्रार्थनेत सात प्राचीन धावे येतात, 23 पर्यंत रोज एक. हे ज्ञाना, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, अशी ख्रिस्ताला हाक मारून प्रत्येकाच्या शेवटी ‘ये’ म्हटलेलं असतं. दाविदाच्या किल्लीचा धावा 20 तारखेला येतो, आणि त्यात कैद्याला तुरुंगातून बाहेर काढण्याची विनंती आहे. त्या संध्याकाळी जेवणाआधी तो घरात मोठ्याने वाचा, आणि आपल्यातल्या ज्याचं दार अजून उघडलेलं नाही त्याचं नाव त्यात घ्या.