लिहिलं तसंच उतरवा

नमस्कार श्रोतेहो. लहान मुलाची चिठ्ठी वहीत उतरवून ठेवायची असेल, तर ती लिहिली आहे तशीच उतरवा. त्याला काय म्हणायचं होतं, ते खाली, वेगळ्या ओळीत.

माझी भाची पाच वर्षांची असताना तिनं माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. आत पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मि बदकला पख'. अक्षरांवर रेघ नव्हती. मी लगेच वाचलं, 'मी बंद केला पंखा'. अनुस्वार राहिले, एक मात्रा राहिली, एक काना राहिला, असं समजून मी ते वहीत शुद्ध करून लिहिलं आणि कागद टाकून दिला. रात्री मोठ्या कौतुकानं तिला वाचून दाखवलं, तर तिचे डोळे भरून आले. "पंखा नाही! पंख! मी बदकाला पंख काढले!" दुसऱ्या एका कागदावर तिनं बदक काढलं होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. तिचा खरं तर एक काना आणि एक अनुस्वार राहिला होता, आणि 'मी'ची वेलांटी ऱ्हस्व झाली होती. बाकी सगळं बरोबर होतं. चुका मी भरल्या होत्या, आणि मूळ कागद आता हातात नव्हता.

अनुस्वार का राहतो? 'पंख' म्हणताना तो नाकातला आवाज स्वराला इतका चिकटलेला असतो, की मुलाला तो वेगळा मोजता येत नाही. पुढे तेच मूल 'खाब', 'घटा' लिहीत असेल, तर खांब आणि घंटा यांतही तीच जागा सुटते आहे, हे कळतं. पण कधी कळतं? लिहिलं तसंच उतरवलं असेल तरच.

उलट्या अक्षरांचं आणखी नाजूक. खुर्ची डावीकडे तोंड करून ठेवली काय, उजवीकडे काय, खुर्चीच. मुलाची नजर अक्षरालाही तोच नियम लावते. मराठी ३ आरशात पाहिला तर जवळजवळ ६ होतो. म्हणून उतरवताना ६ च लिहा, आणि खाली 'तीन म्हणाली' अशी नोंद करा. एखादं अक्षर उलटं असेल तर ते तसंच उलटं काढा, जमलं नाही तर सरळ काढून भोवती गोल करा आणि 'उलटं' लिहा. ओळ जिथे तुटली तिथेच तोडा. पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडली असेल, तर ती तिथेच ठेवा. उच्चारात ती नंतरच येते, मुलानं ऐकलं तसं लिहिलं.

आणि खोडरबर, माझं मत सांगते, पहिलं वर्षभर मुलाच्या हाती देऊच नये. खोडलेलं पुन्हा दिसत नाही.

मुलाकडून वाचून घ्यायचं ते तेव्हाच, ओळीवर बोट ठेवून. संध्याकाळपर्यंत त्यालाही आठवत नाही. वयाच्या सात-आठ वर्षांनंतरही उलटी अक्षरं वारंवार येत असतील आणि वाचनही अडखळत असेल, तर तज्ज्ञांकडे जाताना हीच वही न्या, तारखांसकट.

भाचीनं त्या रात्री मला पुन्हा लिहून दिलं. या वेळी 'बदकाला' पूर्ण होतं. 'पख' तसंच. मी तसंच उतरवलं.