एन्ट्री कधी मारायची? माल तयार झाल्यावर की विकल्यावर? | बॅकफ्लश कॉस्टिंग

नमस्कार मंडळी. आज बॅकफ्लश कॉस्टिंग बघू. व्याख्या पाठ असते, पण 'ट्रिगर पॉइंट, म्हणजे पुस्तकात नोंद करायचा क्षण, बदलला तर नफा का बदलतो?' असं विचारलं की बरेच जण अडखळतात. म्हणून आज सगळा वेळ त्यालाच देऊ.

चाकणमध्ये गाडीचे साइड मिरर बनवणारा एक प्लांट डोळ्यासमोर आणा. प्लांट आणि आकडे दोन्ही मी उदाहरणापुरते घेतलेत. गाडी कंपनीचं शेड्यूल येतं, त्याप्रमाणे काच, मोटर, हाउसिंग लाइनवर उतरतं आणि काही तासांत मिरर पॅक होऊन ट्रकमध्ये चढतो. आता नेहमीच्या पद्धतीने हिशेब ठेवायचा म्हटलं तर स्टोअरमधून माल निघाला की इश्यू स्लिप, मग अर्धवट मालाच्या, म्हणजे डब्ल्यूआयपी खात्यात नोंद, मजुरी लागली की पुन्हा नोंद, तयार झाला की अजून एक. चार तासांत बाहेर पडणाऱ्या वस्तूमागे एवढं लिहीत बसायचं, तर मिरर ट्रकमध्ये आणि कागद अजून टेबलावर!

बॅकफ्लशमध्ये मधलं काही लिहायचंच नाही. शेवटी किती नग बाहेर पडले ते मोजायचं, बीओएम, म्हणजे एका नगाला काय किती लागतं त्याची यादी, उघडायचं आणि आधी ठरवलेल्या प्रमाणित खर्चाने उलटं मागे जायचं: एवढे मिरर झाले, म्हणजे एवढा माल लागलाच असणार. डब्ल्यूआयपीचं वेगळं खातं नसतं. कच्चा माल आणि लाइनवरचा माल मिळून एकच खातं. त्याला आपण 'माल व चालू काम' म्हणू.

आता 'शेवटी' म्हणजे नक्की कधी, हा खरा मुद्दा.

[स्क्रीनवर आकडे]

एका मिररमागे प्रमाणित माल 300 रुपये, मजुरी आणि कारखाना खर्च धरून कन्व्हर्जन कॉस्ट 200. एकूण 500. सुरुवातीचा साठा शून्य धरा. महिन्यात 10,200 सेटचा माल घेतला, म्हणजे 30,60,000 रुपये. कन्व्हर्जनवर प्रत्यक्ष खर्च झाला 20,40,000. तयार झाले 10,000 मिरर, विकले गेले 9,900.

खरेदीची नोंद दोन्ही प्रकारांत सारखीच: माल व चालू काम नावे, पुरवठादार जमा, 30,60,000. कन्व्हर्जनचा प्रत्यक्ष खर्चही त्याच्या नियंत्रण खात्याला नावे पडतो.

पहिला प्रकार, ट्रिगर मिरर तयार झाल्यावर. 10,000 मिरर पूर्ण झाले की तयार माल 50,00,000 ने नावे. समोर माल व चालू काम 30,00,000 ने जमा आणि वाटप केलेली कन्व्हर्जन कॉस्ट 20,00,000 ने जमा. विक्री झाली की 9,900 नगांचे 49,50,000 विक्री खर्चात जातात. कन्व्हर्जनवर 20,40,000 खर्च झाला, वाटले 20,00,000. उरलेले 40,000 विक्री खर्चावर टाकले. एकूण विक्री खर्च 49,90,000.

दुसरा प्रकार, ट्रिगर विक्रीला. मिरर तयार झाला तरी पुस्तकात काहीच होत नाही. ट्रक गेटबाहेर पडला, बिल झालं, की थेट विक्री खर्च नावे 49,50,000. समोर माल व चालू काम जमा 29,70,000, वाटप कन्व्हर्जन जमा 19,80,000. आता कन्व्हर्जनमध्ये 60,000 उरतात, तेही विक्री खर्चात. एकूण 50,10,000.

फरक 20,000 चा. हे पैसे गेले कुठे? गोडाउनमध्ये 100 तयार मिरर पडलेत. पहिल्या प्रकारात ते 500 रुपयांनी दिसतात. दुसऱ्यात ते अजून नुसता माल आहेत, 300 रुपयांनी. प्रत्येकामागचे 200 रुपये याच महिन्याच्या नफ्यातून कापले गेले. 100 गुणिले 200, झाले 20,000.

तुम्ही म्हणाल, वीस हजारांचं काय मोठंसं. बरोबर आहे, कारण साठाच 100 नगांचा आहे. पण समजा गाडी कंपनीची लाइन महिनाअखेर बंद पडली आणि गोडाउनमध्ये 2,000 मिरर अडकले. मग फरक चार लाखांचा होतो. आणि इथे माणसाचा स्वभाव मध्ये येतो. ट्रिगर 'तयार झाल्यावर' असेल तर प्लांट मॅनेजर मागणी नसताना शेवटच्या दोन दिवसांत लाइन पळवू शकतो. जितके नग जास्त, तितका जास्त कन्व्हर्जन खर्च साठ्यात जाऊन बसतो आणि महिन्याचा नफा गुबगुबीत दिसतो. विक्रीचा ट्रिगर लावला की ही वाट बंद. विकल्याशिवाय मिररला पुस्तकात किंमतच चढत नाही. जस्ट-इन-टाइम प्लांटमध्ये मला हाच ट्रिगर जास्त प्रामाणिक वाटतो.

पण अडचण आहे. साठ्याच्या किमतीचं लेखा मानक Ind AS 2 सांगतं की साठ्याच्या किमतीत कन्व्हर्जनचा खर्च धरलाच पाहिजे. प्रमाणित खर्च चालतो, तो प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ असला तर. पण मालाच्या 300 वर तयार मिरर दाखवणं बसत नाही. म्हणून विक्रीचा ट्रिगर वापरणाऱ्यांनी साठा किरकोळ नसेल तर वर्षअखेर गोडाउन मोजायचं आणि त्यातला कन्व्हर्जन खर्च परत साठ्यात आणायचा. आपल्या उदाहरणात 20,000 साठ्याला नावे, विक्री खर्चाला जमा.

आता बॅकफ्लश कुठे आंधळा असतो ते बघा. तो बीओएमवर विश्वास ठेवतो. बीओएम म्हणतं एका मिररला एक काच. 10,000 मिरर, 10,000 काचा, बाकी 200. प्रत्यक्षात बसवताना 140 काचा फुटल्या आणि कोणी स्क्रॅप स्लिप भरली नाही. रॅकवर 60 आहेत, सिस्टीम 200 म्हणते. काच 45 रुपयांची धरली तर नुकसान 6,300 चं, ते सोसेल. पण सिस्टीमला 200 दिसतात म्हणून नवी ऑर्डर सुटत नाही. एकसष्टाव्या मिररला लाइन थांबते आणि हिशेबाची चूक थेट ग्राहकाच्या दारात जाते.

उलटंही होतं. डिझाइन बदललं, चार स्क्रूंऐवजी तीन लागायला लागले, बीओएम मात्र चारवरच. आता पुस्तकातला साठा आधी संपतो. SAP असेल तर CO11N या स्क्रीनवर उत्पादन कन्फर्म होतं, तयार माल साठ्यात येतो, पण स्क्रूच्या वापराची 261 नोंद अडकते आणि COGI या अडकलेल्या नोंदींच्या यादीत जाऊन बसते. बिन स्क्रूने भरलेला आणि COGI मध्ये त्याच स्क्रूची रांग, असं दिसलं की आधी बीओएम उघडा. बरेच ठिकाणी लोक साठा हाताने वाढवून रांग मोकळी करतात. पुढच्या आठवड्यात ती परत भरते.

फुटलेल्या काचेला मात्र COGI उपयोगाचं नाही, कारण तिथे पुस्तकात माल जास्त आहे, एरर येणारच नाही. तिथे मोजणीच हवी. सगळं गोडाउन नाही, फक्त महाग आणि फुटणारे भाग, शिफ्ट बदलताना. 200 च्या जागी 60 निघाले की त्याच दिवशी स्क्रॅप खर्च नावे 6,300, माल व चालू काम जमा 6,300, आणि काचेची ऑर्डर त्याच संध्याकाळी.

तुमच्या प्लांटमध्ये ट्रिगर कुठे लावलाय, कॉमेंटमध्ये लिहा.