पॉलिसीच्या फोटोत अंगठ्याखाली गेलेली ओळ

नमस्कार. गेल्या आठवड्यात आत्यानं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तिच्या आरोग्य विम्याचं शेड्यूल, म्हणजे पॉलिसीत पुढेच असतो तो तक्त्याचा कागद. खाली एवढंच लिहिलं होतं, "यात काय म्हटलंय ते मराठीत सांग." विमा पाच लाखांचा. खोलीभाड्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं, विमा रकमेच्या १%, दर दिवशी. पुढे एक बारीक चांदणी.

मी लगेच लिहायला घेतलं, "खोलीसाठी रोज ५,००० रुपये मिळतील." आणि थांबलो. या एका वाक्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक 'मिळतील' या शब्दाची. ही मर्यादा आहे, भत्ता नाही. खोली २,५०० ची घेतली तर २,५०० च मिळणार. म्हणून मराठीत 'पर्यंत' हा शब्द यायलाच हवा, "रोज जास्तीत जास्त अमुक रुपयांपर्यंत".

दुसरी चूक त्या चांदणीची. चांदणी दिसली की तळटीप असणारच, आणि फोटोत तळाशी होता आत्याचा अंगठा! मी तिला म्हटलं, "आत्या, कागद टेबलावर सपाट ठेव, चारही कडा दिसू देत, उजेडात परत फोटो काढ." दुसऱ्या फोटोत ओळ दिसली. कमाल ४,००० रुपये, आणि दोन्हींपैकी जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे १% काढला तर ५,०००, पण लागू होणार ४,०००. हे 'जी कमी असेल ती' भाषांतरात गळलं, तर अर्थच उलटतो.

आता तुम्ही म्हणाल, हजार रुपयांचाच तर फरक. पण महागडी खोली घेतली तर कात्री फक्त खोलीभाड्याला लागत नाही. अनेक रुग्णालयांत खोलीच्या दर्जाप्रमाणे सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं, सगळंच चढत जातं. म्हणून पॉलिसीत 'प्रपोर्शनेट डिडक्शन' असतं. मी त्याला 'त्याच प्रमाणात कपात' म्हणतो.

समजा, पडल्यामुळे मांडीचं हाड मोडलं आणि आत्यानं ८,००० ची खोली घेतली. हक्क ४,००० चा, म्हणजे निम्मा. चार दिवसांचं भाडं ३२,०००, त्यातले १६,००० मान्य. सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग मिळून ८०,०००, त्यातलेही निम्मेच, ४०,०००. औषधं, तपासण्या आणि हाडात बसवलेली पट्टी यांचे ६०,००० मात्र पूर्ण धरायचे, कारण विमा नियामकाच्या नियमानं या गोष्टींवर ही कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या खर्चावरही नाही. आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलतच नाही, तिथेही नाही. ही बाजूही आत्याला सांगायला हवी, नाहीतर डिस्चार्जच्या घाईत जास्तीची कपात निमूट मान्य होते.

बिल झालं १,७२,००० आणि मान्य रक्कम १,१६,०००.

आता शेड्यूलमधली पुढची ओळ, 'को-पेमेंट २०%'. याचं "२०% भरपाई" असं मराठी मी वाचलेलं आहे, आणि ते साफ उलटं आहे. बरोबर अर्थ असा, की मान्य झालेल्या रकमेतले २०% तुम्ही भरायचे. इथे 'मान्य झालेल्या' हे शब्दही सोडू नका. १,१६,००० चे २०% म्हणजे २३,२००. कंपनी देणार ९२,८००. आत्याच्या खिशातून ७९,२००, तेही पाच लाखांचा विमा असताना. ४,००० पर्यंतची खोली घेतली असती, तर ही निम्म्यानं होणारी कपात लागलीच नसती.

आणखी एक शब्द मला छळतो, 'वेटिंग पीरियड'. शब्दाला शब्द ठेवून 'प्रतीक्षा काळ २४ महिने' लिहिलं, तर शेजारच्या काकांना वाटलं की पैसे दोन वर्षांनी हातात पडतात. म्हणून मी पूर्ण वाक्य लिहितो, "पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले २४ महिने यादीतल्या आजारांचा खर्च मिळणार नाही." शेजारी `Excl02` असा कोड असेल तर तो तसाच ठेवतो, कारण सविस्तर पुस्तिकेत त्याच कोडखाली आजारांची पूर्ण यादी सापडते. `Excl01` म्हणजे आधीपासून असलेले आजार. तिथे 'सलग' हा शब्द जपायचा, कारण नूतनीकरणात खंड पडला तर महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जाऊ शकतात.

आत्याच्या कागदावर घडीच्या जागी एक आकडा अजूनही पुसट आहे. मोतीबिंदूची मर्यादा, २५,००० की ३५,०००, कळत नाही. तिथे मी अंदाज लिहिलेला नाही. "हा आकडा फोटोत वाचता येत नाही, कंपनीकडून लेखी विचारून घे" असं लिहून पाठवलंय.