मी आठेच शे

नमस्कार श्रोतेहो. पॅनिकचा झटका आलेल्या माणसाशी नर्सनं कसं बोलावं, याबद्दल आज सांगते.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून चाळिशीच्या एका अक्कांना रात्री आणलं. छातीत धडधड, दरदरून घाम, बोटं आखडून एकमेकांना चिकटलेली. सोबत जीपभर माणसं. एकानं नाकाशी चप्पल धरलेली. मंडळी, ती चप्पल फिटवरसुद्धा उपाय नाही, ती पायातच बरी. आणि वऱ्हाड घेऊन दवाखान्यात यायची ही रीत जाईल तेव्हा खरं!

ईसीजी, बीपी, साखर, ऑक्सिजन, सगळं नीट निघालं. डॉक्टर म्हणाले, पॅनिकचा झटका आहे. मी नणंदेला ठेवून बाकीच्यांना बाहेर काढलं आणि अक्कांच्या बाजूला स्टुलावर बसले, त्यांना दार दिसेल अशी. त्या म्हणत होत्या, "मी मरी जासू वं!" मी हळूच म्हणाले, "अक्का, मी सिस्टर. मी आठेच शे." म्हणजे अहिराणीत, मी इथेच आहे. थोडं थांबून, "तुम्हले भेव वाटी राह्यनं. हाऊ झटका उतरस." हात धरू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली, मग धरला.

नणंद म्हणाली, "अवं घाबरू नको, काही झालं नाही तुला." अक्का जास्तच तडफडल्या. त्यांना तर सगळं होतंय! म्हणून सांगते, "काही झालं नाही" म्हणू नका. "का घाबरलात?" हेही तेव्हा विचारू नका.

बोटं का आखडली? भरभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानं मुंग्या येतात, बोटं वळतात. म्हणून मी "श्वास घ्या" म्हटलं नाही, "सोडा" म्हटलं. चार मोजेपर्यंत नाकानं आत, सहा मोजेपर्यंत तोंडानं बाहेर, आणि मी स्वतः तसाच श्वास घेत होते. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं, तर ऑक्सिजन आणखी उतरतो.

हळूहळू बोटं मोकळी झाली. तेव्हा कुठे विचारलं, "अक्का, घरी काय चालू आहे?" आणि गप्प बसले. बराच वेळ काही नाही. मग लेकीचं लग्न, हुंडा, कपाशीचं कर्ज, सगळं बाहेर आलं.

अमेरिकन नर्स हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. शेवटच्या पायरीवर माणसाला नवं काही शिकवता येत नाही, लांब वाक्य डोक्यात शिरत नाही. समजावणं मागाहून.

घरी असा प्रसंग आला, तर पहिल्याच झटक्याला पॅनिक समजून बसू नका. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी. तपासण्या नीट निघाल्या आणि तरी झटके येतच राहिले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फुकटचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात.