नेम महागाईवर की उत्पन्नावर?

मंडळी, मध्यवर्ती बँकेनं व्याजदर ठरवताना महागाईकडे बघावं की देशाच्या उत्पन्नाकडे, हा आजचा विषय. तो जड आहे, म्हणून सुरुवात एका तारखेनं करतो. 3 जुलै 2008. त्या दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेनं आपला मुख्य व्याजदर 4 टक्क्यांवरून 4.25 टक्क्यांवर नेला. त्या महिन्यात खनिज तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत चढलं होतं आणि युरो क्षेत्रातली महागाई 4 टक्क्यांच्या आसपास होती. बँकेला ती 2 टक्क्यांच्या किंचित खाली ठेवायची होती. आकडा लक्ष्याच्या दुप्पट, म्हणजे नियमाला धरून दर वाढवला.

हा निर्णय मला गेली कित्येक वर्षं सतावतोय. कारण तिथली मंदी तोवर सुरू झालेली होती. नंतर तज्ज्ञांनी तिची सुरुवात 2008 च्या पहिल्या तिमाहीनंतरची धरली. आणि ऑक्टोबरच्या 8 तारखेला तीच बँक दर खाली आणत होती. बरं, एकदा ठेच लागली म्हणून थांबले का? 2011 मध्ये एप्रिल आणि जुलै अशा दोन वाढी केल्या, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या दोन्ही मागे घेतल्या. त्या टेबलाभोवती बसलेली माणसं हुशारच होती. चुकीचं होतं ते त्यांच्यासमोरचं मोजमाप.

ते कसं, ते एका मालवाहतूकदाराकडे बघून कळेल. शंभर रुपये भाड्यातले चाळीस डिझेलला जातात आणि ते सगळं आयातीचं, असं धरा. उरलेले साठ रुपये पगार, हप्ते आणि नफा, म्हणजे देशातलं उत्पन्न. आता डिझेल पंचावन्नला गेलं आणि भाडं एकशेपंधरा झालं. ग्राहकाच्या दृष्टीनं महागाई 15 टक्के. पण देशात किती राहिले? तेवढेच साठ! राष्ट्रीय उत्पन्न मोजताना आयात वजा होते. ज्यादा पंधरा रुपये परदेशात गेले. आणि भाडं वाढल्यामुळे फेऱ्या घटल्या, तर साठाचेही पन्नास होतील. महागाई बघणारी बँक म्हणणार, ब्रेक लावा. उत्पन्न बघणारी म्हणणार, हात सैल करा. गाडी एकच, चालक वेगळा, आणि खड्ड्यात फक्त एक जातो.

(अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलंय. मुख्य मुद्दा अजून यायचाय, तो भरभर मांडतो.)

प्रस्ताव असा, की मध्यवर्ती बँकेनं महागाईऐवजी चालू किमतींनी मोजलेल्या राष्ट्रीय उत्पन्नावर नेम धरावा. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी 1977 च्या नोबेल व्याख्यानात हा विचार मांडला होता. समजा लक्ष्य 5 टक्के वाढीचं आहे. साधारण वर्षी उत्पादन 3 टक्क्यांनी वाढतं, किमती 2 टक्क्यांनी. पुरवठ्याचा धक्का बसला, उत्पादनवाढ 1 टक्क्यावर आली, तर किमती 4 टक्क्यांनी वाढू द्यायच्या. बेरीज पाचच, बँकेनं हस्तक्षेप करायची गरज नाही. महागाई 2 टक्क्यांवरच हवी असा हट्ट धरला, तर बेरीज तीन किंवा त्याखाली आणावी लागते. पगाराचे करार आणि कर्जाचे हप्ते तर पाच टक्के गृहीत धरून आधीच ठरलेले असतात. पगार खाली येत नाहीत, मग माणसं कमी होतात, आणि धक्क्यात नसलेलं नुकसान धोरण ओढवून घेतं. पीक भरघोस आलं, तंत्रज्ञान सुधारलं, तर हाच हिशेब उलटा: उत्पादन 5 टक्के, किमती स्थिर.

"महागाईचं लक्ष्य ठेवणाऱ्या बँका अशा धक्क्यांकडे काणाडोळा करतातच," असं उत्तर मिळतं. करतात, पण त्यासाठी धक्का पुरवठ्याचा की मागणीचा, हे त्याच महिन्यात ओळखावं लागतं, आणि 2008 मध्ये नेमकं तेच जमलं नाही. उत्पन्नाच्या बेरजेत ही ओळख आधी पटवावी लागत नाही. बेरीज पाचाच्या वर गेली तर मागणी जास्त, खाली आली तर कमी.

अडचणी दोन आहेत आणि त्या खऱ्या आहेत. उत्पन्नाचा आकडा तिमाहीनं येतो आणि पुढे बदलत राहतो, म्हणून नेम येत्या वर्षाच्या अंदाजावर धरावा लागतो. दुसरी जास्त अवघड. उत्पादनाची क्षमताच कायमची 3 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर घसरली, तर 5 टक्क्यांचं लक्ष्य म्हणजे कायमची 4 टक्के महागाई. त्यामुळे हा पाचाचा आकडा किती वर्षांनी तपासायचा आणि तो बदलायचा अधिकार बँकेकडे ठेवायचा की संसदेकडे, हे आधी ठरवावं लागेल. माझं मत संसदेकडे. प्रश्नोत्तरांत तिथूनच सुरू करू या.