चौदाव्या बिलाला काय झालं

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या ऑफिसात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक काम येतं. एक्सेलमध्ये खरेदीची बिलं लिहिलेली असतात, साधारण १४०. प्रत्येक बिलाच्या चार गोष्टी एका वेब फॉर्ममध्ये भरायच्या: विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम. हे काम हाताने कसं होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. एक्सेलमध्ये कॉपी, ब्राउझरमध्ये जा, पेस्ट, टॅब, परत एक्सेलमध्ये, उजवीकडचा बाण. एका रकान्याला सहा वेळा बोटं चालवायची, चार रकान्यांच्या चोवीस. १४० बिलांचे होतात ३,३६०. संध्याकाळी मनगट बोलायला लागतं.

आज मी सांगणार आहे ते हे ३,३६० फटके एका बटणावर कसे बसवले आणि बसवताना काय काय फसलं, ते. फसलेलंच जास्त सांगेन, कारण बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं असतं.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. तुमच्या फॉर्ममध्ये एक्सेलची फाइल थेट चढवायची सोय आहे का? इम्पोर्ट, अपलोड, असं कुठे लिहिलंय का? असेल तर मॅक्रोच्या नादी लागू नका, फाइल चढवा आणि चहा घ्या. आमच्या फॉर्ममध्ये ती सोय नव्हती.

मॅक्रो म्हणजे ओळीने दाबायच्या बटणांची यादी. तुम्ही एक बटण दाबलं की कीबोर्ड ती यादी भराभर स्वतः दाबून टाकतो. हल्ली असे कीबोर्ड मिळतात ज्यात ही यादी कीबोर्डच्याच आत साठवता येते. सहा-नऊ बटणांचे छोटे मॅक्रोपॅडही मिळतात, ते नेहमीच्या कीबोर्डशेजारी ठेवता येतात. माझ्याकडे तसाच एक आहे. व्हाया नावाच्या प्रोग्रॅममध्ये यादी लिहायची, ती पॅडमध्ये साठते, आणि मग पॅड कुठल्याही कॉम्प्युटरला लावला तरी चालतो, तिथे काही टाकावं लागत नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम टाकायची परवानगी नसते तेव्हा हे फार सोयीचं पडतं. तरी आयटीवाल्यांना आधी विचारा. आपोआप टाइप करणारं यूएसबी उपकरण त्यांना संशयास्पद वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बऱ्याच माउस आणि कीबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड असं बटण असतं. ते दाबा, काम एकदा करून दाखवा, थांबवा, झाला मॅक्रो. मीही पहिल्यांदा तसंच केलं. रेकॉर्ड करताना फोन आला, मी "हो, पाठवते" एवढंच बोलले आणि पुढचं काम केलं. मॅक्रो चालवला तर तो तिसऱ्या रकान्यापाशी येऊन गप्प उभा. अकरा सेकंद! माझं फोनवर बोलणंसुद्धा त्याने इमानदारीत नोंदवलं होतं. म्हणून रेकॉर्डिंग कच्चा खर्डा म्हणून ठीक, पण मधल्या वेळा पुसून आपण हाताने भराव्यात. माउसच्या क्लिकचं रेकॉर्डिंग तर टाळाच. त्यात बहुतेक वेळा पडद्यावरची जागा लक्षात ठेवलेली असते, बटण नाही. ब्राउझरचा झूम बदलला किंवा विंडो जरा सरकली की क्लिक भलतीकडे.

आता यादीच सांगते. विंडोजची की आणि एक, म्हणजे टास्कबारवरचा पहिला प्रोग्रॅम. तिथे मी एक्सेल पिन केलंय. मग खालचा बाण आणि होम, म्हणजे पुढच्या ओळीचा पहिला रकाना. कंट्रोल-सी. विंडोज की आणि दोन, म्हणजे ब्राउझर. कंट्रोल-व्ही, टॅब. पुन्हा एक्सेल, उजवा बाण, कॉपी, ब्राउझर, पेस्ट, टॅब. ही एक्सेलपासूनची फेरी तीन वेळा, म्हणजे चारही रकाने झाले.

ऑल्ट-टॅब का वापरला नाही, असं कुणी विचारेल. ऑल्ट-टॅब शेवटच्या विंडोवर नेतो, ठरलेल्या विंडोवर नाही. मध्येच तुम्ही मेल बघितला की एक्सेल आणि ब्राउझरच्या मध्ये मेल घुसतो, आणि मॅक्रो जीएसटी क्रमांक मेलमध्ये चिकटवतो. आकड्यांनी विंडो उघडली की हा घोळ होत नाही. मात्र त्याच्याही दोन खोडी आहेत. एक्सेल आधीच समोर असताना विंडोज-एक दाबलं की एक्सेल खाली जाऊन बसतं, म्हणून मॅक्रो नेहमी ब्राउझरमध्ये असताना, पहिल्या चौकटीत कर्सर ठेवूनच दाबायचा. आणि एक्सेलच्या दोन फाइली उघड्या असतील तर भलतीच समोर येऊ शकते. एकच उघडी ठेवा.

आता वेळेचं. कीबोर्ड आंधळा असतो हो. विंडो समोर आली का, पान उघडलं का, त्याला काही दिसत नाही. तो फक्त बटणं दाबतो. म्हणून प्रत्येक पायरीनंतर थांबायला सांगावं लागतं. मी विंडो बदलल्यावर ४०० मिलिसेकंद आणि कॉपी-पेस्टनंतर २०० ठेवले. एका रकान्याला सव्वा सेकंदाच्या आत, पूर्ण बिलाला पाच सेकंद. सुरुवातीला मी हावरटपणा करून सगळीकडे ५० ठेवले होते. तेरा बिलं झकास गेली. चौदाव्याला एक्सेल जरासं अडखळलं आणि पहिलाच उजवा बाण हुकला. टॅब मात्र गेला. मग पुढचं सगळं एक घर सरकलं: बिलाचा नंबर तारखेच्या चौकटीत, तारीख रकमेच्या चौकटीत. फॉर्मने तारीख नाकारली म्हणून कळलं. दोन्ही चौकटी साध्या अक्षरांच्या असत्या तर ते बिल तसंच आत गेलं असतं.

त्या चौदाव्या बिलानंतर मी मॅक्रोच्या शेवटी असलेला एंटर काढून टाकला. मॅक्रो चारही चौकटी भरतो आणि थांबतो. सेव्ह मी दाबते, चौकटींवर नजर फिरवून. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्रातला विक्रेता असेल तर २७ ने सुरू होणारा, एवढं बघायला दोन सेकंद पुरतात. काही जण मला म्हणाले, मग संपूर्ण ऑटोमॅटिक कुठे झालं? नाहीच झालं. कंटाळवाणं काम यंत्राने करायचं, सही माणसाने करायची, असं मी ठरवलंय.

नजर फिरवल्यामुळे आणखी एक चूक सापडली. एका दिवशी तारखेच्या चौकटीत नुसत्या जाळ्या आल्या, हॅशच्या. कारण एक्सेलमधला तारखेचा रकाना अरुंद झाला होता. रकाना अरुंद असला की एक्सेल तारखेऐवजी हॅश दाखवतं, आणि साधी अक्षरं म्हणून पेस्ट केलं की जे दिसतं तेच जातं. रकाना रुंद केला, तारखा आल्या. रकमेतल्या स्वल्पविरामांचंही तेच. फॉर्मला ते चालत नसतील तर आधी एक्सेलमध्येच फॉरमॅट साधा करून घ्यायचा.

आता खास आपल्याकडची गंमत. शेवटी शेरा म्हणून मी मॅक्रोलाच इंग्रजीत पेड टाइप करायला सांगितलं होतं, पी-ए-आय-डी. एका सोमवारी प्रत्येक बिलापुढे शेरा आला: "जोग्". मला वाटलं कुणा जोगांचं नाव शिरलं. झालं असं होतं की आमच्या काकांनी त्या कॉम्प्युटरवर मराठीत पत्र लिहिलं होतं आणि कीबोर्डची भाषा मराठीवरच राहिली होती. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर काय करायचं, ते विंडोज ठरवतं. इनस्क्रिप्टमध्ये पीच्या बटणावर ज, एच्या बटणावर ओकाराची मात्रा, आयच्या बटणावर ग आणि डीच्या बटणावर हलन्त. झाला जोग्. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही मात्र मराठीतही चालत होतं, म्हणून बाकीच्या चौकटी बरोबर होत्या. उपाय साधा निघाला. मॅक्रोने काही टाइपच करायचं नाही. शेरासुद्धा एक्सेलच्या पाचव्या रकान्यात लिहून ठेवायचा आणि कॉपी करून न्यायचा. कॉपी केलेला मजकूर भाषा बदलली तरी बदलत नाही.

टाइप करायचं नाही म्हटलं त्यात पासवर्ड पहिला आला. मॅक्रोमध्ये पासवर्ड ठेवणारे लोक मी पाहिलेत. नोटपॅड उघडून ते बटण दाबलं की पासवर्ड कुणालाही वाचता येतो.

बटण कुठलं द्यायचं? एफ-१२ च्या पुढे एफ-१३ ते एफ-२४ अशी बटणं विंडोजला ओळखता येतात, पण नेहमीच्या कीबोर्डवर ती नसतात. त्यामुळे ती सहसा मोकळीच असतात. माउसच्या अंगठ्याजवळच्या बटणाला एफ-१३ द्यायचं आणि ऑटोहॉटकीसारख्या प्रोग्रॅमला सांगायचं, ब्राउझर समोर असेल तरच हे काम कर. असा प्रोग्रॅम विंडो समोर येईपर्यंत थांबूही शकतो, म्हणजे तो माझ्या पॅडसारखा अगदीच आंधळा नाही. पण तो कॉम्प्युटरवर टाकावा लागतो. नुसतं एखादं बटण बदलायचं असेल, समजा कॅप्स लॉक नकोच आहे, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर पुरतो. तो चालू असेपर्यंतच बदल टिकतो, लॉगिनच्या पडद्यावर कॅप्स लॉक पुन्हा कॅप्स लॉकच असतं. पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर तिथे बघा.

मॅक्रो मध्येच तुटला आणि त्यानंतर साधं अक्षर दाबलं तरी विचित्र काहीतरी होऊ लागलं, सी दाबलं की कॉपी होतं, तर घाबरू नका. कंट्रोल दाबलेला राहिला आहे, सोडल्याचा निरोप पोचलेला नाही. दोन्हीकडचे कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोज की एकेकदा दाबून सोडा.

पहिल्यांदा चालवताना खऱ्या फॉर्मवर नको. ब्राउझरच्या जागी नोटपॅड पिन करा. चारही तुकडे बरोबर क्रमाने दिसले पाहिजेत. मग फॉर्मवर पाच बिलं, सेव्ह न करता. मग खरी.

एक राहिलं. यादी संपली हे मॅक्रोला कळत नाही. १४१ व्या वेळी तो रिकाम्या ओळीवर जातो, आणि मोजणी चुकली तर आपणही जातो. म्हणून शेवटच्या बिलाखालच्या ओळीत मी चारही रकान्यांत "संपलं" असं लिहून ठेवते. जीएसटी क्रमांकाच्या चौकटीत "संपलं" दिसलं की मी सेव्हवरचा हात काढते.