चिमट्यातला आकडा आणि आपली कातडी

मंडळी, एप्रिल 2021 चं, कोरोनाच्या लाटेतलं, आधी सांगतो, कारण तो माणूस अजून डोळ्यासमोरून जात नाही. पारोळ्याकडचा, वीटभट्टीवर कामाला, मुळात काळा आणि उन्हानं आणखी रापलेला. पोरगा त्याला मोटरसायकलवर मधे बसवून घेऊन आला. आधी एका दवाखान्यात गेले होते, तिथं बोटाला ऑक्सिमीटर लावला, 94 आलं, म्हणून घरी पाठवलं. बेड कमी होते हे मलाही कळतं, पण एक वाक्य बोलताना तो दोनदा थांबत होता हो! म्हणे, "डॉक्टरसाहेब, माना जीव घाबरस." माझ्या चिमट्यावरही 94 च. बोटं चोळून गरम केली, दुसरं बोट लावलं, 93. शेवटी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी केली, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन थेट मोजणारी तपासणी, तर ऑक्सिजन निघाला 87. सात पॉईंटांचा फरक, आणि 94 च्या भरवशावर माणूस घरी बसला होता. लगेच ऑक्सिजन लावला, आठव्या दिवशी घरी गेला. तुमच्यापैकी कितीजणांनी तेव्हा दिवसातून दहादा बोट घातलं असेल, हात वर करा... बघा, सगळेच!

बरं, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तर मुद्दा भरभर सांगतो. चिमट्यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त लाल उजेड जास्त शोषतं. मशीन फक्त नाडीबरोबर हलणारा भाग धरतं, म्हणून कातडी, हाड, नख हे सगळं कागदावर वजा होतं. पण कातडीतलं मेलॅनिन इन्फ्रारेडपेक्षा लाल उजेड जास्त खातं, शिवाय दिव्याचा रंग नेमका एकच नसतो, त्यामुळे वजाबाकी पुरती होत नाही आणि गडद कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. त्यात बोट थंड असलं की सिग्नल आणखी बारीक.

आणि दुसरं, मशीन टक्केवारी थेट मोजतच नाही! निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांच्या रक्ताशी जुळवलेला तक्ता आत भरलेला असतो, त्यावरून ते आकडा सांगतं. तो तक्ता कोणाच्या बोटांवर बनला? अमेरिकेच्या 2013 च्या नियमात किमान 10 माणसं पुरत होती, त्यात गडद कातडीची दोन, किंवा 15 टक्के. डिसेंबर 2020 ला मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं की चिमट्यावर 92 ते 96 असताना रक्तात 88 च्या खाली, असं काळ्या पेशंटांत 11.7 टक्के वेळा निघालं, गोऱ्यांत 3.6. तसा इशारा 1990 च्या अभ्यासातही होता, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचा, तीस वर्षं कोणी मनावर घेतलं नाही याचा मला खरंच राग येतो. जानेवारी 2025 ला अमेरिकेनं त्या नियमाचा नवा मसुदा काढला, त्यात 150 माणसं मागितली.

तर घरी बरे असताना तुमचा आकडा किती येतो तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याच्यापेक्षा तीन-चार खाली आला आणि दम लागतोय, तर स्क्रीनवर 94 असलं तरी निघा, आणि डॉक्टरांना एबीजीचं विचारा.